सबसिडी खात्यात आली, पण मुद्दल खरंच कमी झालं का?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी सबसिडी लाखो कर्जखात्यांमध्ये जमा झाली आहे. जमा झाल्याचा मेसेज आला की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. आनंद मानतात, नाहीतर शेजाऱ्याला जास्त मिळाली म्हणून हळहळतात. खरी तपासणी मात्र मेसेजमधल्या आकड्यावर संपत नाही. ती रक्कम तुमच्या पात्रतेला धरून बरोबर आहे का, हा पहिला प्रश्न. आणि त्या रकमेने कर्जाचं मुद्दल खरोखर खाली आलं का, हा दुसरा. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण पहिल्याचं उत्तर बरोबर असूनही दुसऱ्यात पैसे जाऊ शकतात.

आपण एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. समजा, एका जोडप्याने 5 एप्रिल 2018 रोजी 18 लाखांचं गृहकर्ज घेतलं. व्याजदर 8.5 टक्के, मुदत 15 वर्षं, हप्ता 17,725 रुपये. दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न 8 लाख 40 हजार. हे त्यांचं पहिलंच घर, आणि त्याचं चटईक्षेत्र 75 चौरस मीटर. नऊ हप्ते भरून झाले आणि 6 जानेवारी 2019 रोजी खात्यात सबसिडी जमा झाली: 1,94,916 रुपये. शेजारच्या फ्लॅटमधल्या कुटुंबाला याच उत्पन्न गटात 2,35,068 रुपये मिळाले होते. मग यांचे चाळीस हजार कुठे गेले?

कुठेही गेले नाहीत. हे समजण्यासाठी सबसिडी मोजतात कशी, ते पाहावं लागेल.

तेव्हाच्या योजनेचं नाव क्रेडिट लिंक्ड सबसिडी स्कीम, बोलीभाषेत सीएलएसएस. त्यात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून गट ठरायचा. 6 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पहिल्या 6 लाखांच्या कर्जावर 6.5 टक्के सवलत होती. 6 ते 12 लाख उत्पन्न असलेला गट म्हणजे एमआयजी-1. त्यांना पहिल्या 9 लाखांवर 4 टक्के. 12 ते 18 लाखांचा गट एमआयजी-2, त्यांना पहिल्या 12 लाखांवर 3 टक्के. कर्ज कितीही मोठं असलं तरी सबसिडी मोजायची ती या ठरावीक रकमेवरच, आणि मुदत धरायची ती प्रत्यक्ष कर्जाची किंवा 20 वर्षं, यातली जी कमी असेल ती.

आपलं जोडपं एमआयजी-1 मध्ये येतं. त्यांचं कर्ज 18 लाखांचं असलं तरी हिशेब 9 लाखांचा. आता असं समजा की हे 9 लाख कुणी 4 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी कर्जाऊ दिले आहेत. त्या काल्पनिक कर्जाच्या प्रत्येक महिन्याच्या हप्त्यात जेवढं व्याज असेल, तेवढी त्या महिन्याची सबसिडी. सरकार मात्र ही रक्कम 180 महिने थोडी थोडी देत बसत नाही, एकदम देते. पुढच्या पंधरा वर्षांत मिळायचे पैसे आजच हातात येत असतील तर त्यांची आजची किंमत कमी धरली जाते. ती काढण्यासाठी योजनेत 9 टक्के दर ठरवून दिला होता. सगळ्या महिन्यांची ही आजची किंमत एकत्र केली की जो आकडा येतो, तो तुमच्या खात्यात पडतो.

यात एक बारीक गोष्ट लोकांच्या हातून निसटते. काल्पनिक कर्जाचं वेळापत्रक 4 टक्क्यांनीच मांडायचं असतं, तुमच्या बँकेच्या 8.5 टक्क्यांनी नाही. बँकेचा दर घातला तर उत्तर वेगळं येतं आणि माणूस उगाच शाखेत भांडायला जातो. घरच्या संगणकावर हे पडताळायचं असेल तर स्प्रेडशीटच्या A1 ते A180 या घरांत 1 ते 180 हे आकडे लिहा, मग खालचं पहिलं सूत्र B1 मध्ये टाकून B180 पर्यंत ओढा आणि दुसरं सूत्र कुठल्याही रिकाम्या घरात लिहा:

```
=IPMT(4%/12, A1, 180, -900000)
=NPV(9%/12, B1:B180)
```

उत्तर 1,94,916 रुपयांच्या आसपास येईल. A आणि B ची घरं 240 पर्यंत वाढवून दोन्ही सूत्रांत 180 च्या जागी 240 घेतलं, म्हणजे मुदत 20 वर्षं केली, तर 2,35,068 येतात. शेजाऱ्यांनी कर्ज 20 वर्षांचं घेतलं होतं, एवढाच फरक. मुदत कमी तर वाचणारं व्याज कमी, म्हणून सबसिडीही कमी. दोन-चार रुपयांचा फरक पूर्णांक करण्याने पडतो, तो सोडून द्यावा. फरक हजारांत असेल तर मात्र तीन गोष्टी तपासाव्यात: बँकेने दाव्यात कोणता उत्पन्न गट लिहिला, कोणती मुदत लिहिली आणि कर्जाची किती रक्कम दाखवली. या तीन नोंदींतली एखादी चुकली की सबसिडीचा आकडा चुकू शकतो.

आता पात्रतेकडे येऊ. इथे बरेच जण म्हणतात की सबसिडी आली म्हणजे पात्रता तपासून झालीच. तसं नाही. बँक तुमच्या प्रतिज्ञापत्रावर आणि कागदपत्रांवर विसंबून दावा पाठवते. नंतर काही चुकीचं आढळलं तर दिलेली सबसिडी परत घेता येते. ती परत गेली की कर्जखात्यात तेवढ्याच रकमेची नावे नोंद पडते आणि मुद्दल पुन्हा वर जातं. म्हणून आपण कोणत्या अटीवर उभे आहोत, हे स्वतःला नेमकं माहीत असलेलं बरं.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘कुटुंब’ या शब्दात होतो. योजनेच्या हिशेबात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं-मुली. आई-वडील त्यात येत नाहीत. त्यामुळे वडिलांच्या नावावर गावी पक्कं घर असेल तर मुलाची पात्रता त्याने जात नाही. पण तेच घर पत्नीच्या नावावर असेल तर जाते, मग ते भारतात कुठेही असो आणि कर्ज एकट्या पतीच्या नावावर असो. पती-पत्नी दोघांना मिळून एकच सबसिडी मिळते. दोघांनी वेगवेगळी कर्जं काढून दोन दावे केले तर त्यातला एक टिकत नाही.

उत्पन्नातही तोच कुटुंबाचा नियम. आपल्या उदाहरणात 8 लाख 40 हजार हे दोघांचं मिळून उत्पन्न होतं. समजा तो आकडा एकट्या पतीचा असता आणि पत्नीचे वर्षाचे 4 लाख अर्जात लिहायचे राहिले असते, तर कुटुंब प्रत्यक्षात 12 लाखांच्या वर, म्हणजे एमआयजी-2 मध्ये गेलं असतं. सबसिडी मिळाली असती ती चुकीच्या गटाची, आणि चूक कितीही निष्पाप असली तरी ती कागदावर राहिली असती. म्हणून मंजुरीच्या वेळी दिलेलं उत्पन्नाचं विधान आणि त्या वर्षाचं दोघांचं आयकर विवरण एकदा शेजारी ठेवून पाहावं.

घराचं क्षेत्रफळ तपासताना चटईक्षेत्र बघायचं, बिल्डरच्या जाहिरातीतलं सुपर बिल्टअप नाही. एमआयजी-1 साठी ही मर्यादा आधी 90, मग 120 आणि जून 2018 पासून 160 चौरस मीटर अशी वाढत गेली. आपल्या जोडप्याचं घर 75 चौरस मीटरचं असल्याने त्यांना काळजी नाही. मालकीत स्त्रीचं नाव असण्याची अट 6 लाखांपर्यंतच्या गटांना लागू होती, एमआयजी गटांना ते नाव सक्तीचं नव्हतं.

म्हणजे आपलं जोडपं पात्र आहे आणि रक्कमही बरोबर आहे. इथवर आलं की सहसा फाईल मिटली जाते. खरं काम आता सुरू होतं.

सीएलएसएसची कल्पना सरळ होती. सबसिडी आली की बँकेने ती मुद्दलातून वजा करायची, आणि कर्जदाराने पुढे उरलेल्या मुद्दलावरच व्याज भरायचं. म्हणजे 9 हप्त्यांनंतर आपल्या जोडप्याचं शिल्लक मुद्दल होतं 17,53,932 रुपये. त्यातून 1,94,916 गेले की सुधारित मुद्दल 15,59,016. बँकेचं स्टेटमेंट हातात घेतल्यावर हाच आकडा शोधायचा. सबसिडीची ओळ सापडली म्हणून थांबायचं नाही, त्या ओळीच्या उजव्या टोकाला असलेली शिल्लक पाहायची. ती आधीच्या ओळीपेक्षा बरोबर सबसिडीएवढी कमी असायला हवी.

यानंतरचा पडताळा आणखी सोपा आहे, आणि मला तोच सर्वात भरवशाचा वाटतो: पुढच्या महिन्याचं व्याज. 15,59,016 रुपयांवर 8.5 टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं 11,043 रुपये. सबसिडी नसती तर ते 12,424 झालं असतं. फरक 1,381 रुपयांचा. फेब्रुवारीच्या हप्त्यात व्याजाच्या रकान्यात 11 हजारांच्या घरातला आकडा दिसला तर मुद्दल खरोखर उतरलं आहे. 12 हजार 400 च्या आसपास दिसला तर ते उतरलेलं नाही, मग स्टेटमेंटवर सबसिडीची नोंद कितीही ठळक असो. सबसिडी महिन्याच्या मधल्या एखाद्या तारखेला आली असेल तर त्या एका महिन्याचं व्याज दिवसांच्या हिशेबाने या दोन आकड्यांच्या दरम्यानचं येईल, त्यामुळे निर्णय त्याच्या पुढच्या पूर्ण महिन्यावरून करावा.

असं होतं कसं? सबसिडी बँकेकडे एका वेगळ्या वाटेने येते, हप्त्यासारखी तुमच्या बचत खात्यातून येत नाही. संगणकप्रणालीत ती नोंदवताना कधी ‘आगाऊ जमा’ किंवा ‘न जुळवलेली रक्कम’ अशा खात्यात बसते. खात्यावर पैसे दिसतात, पण व्याज मोजणारा हिशेब जुन्या मुद्दलावरच चालू राहतो. आपल्या उदाहरणात हे तीन महिने चाललं असं धरा: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. दर महिन्याला 1,381 या हिशेबाने साधारण 4,140 रुपये व्याज जास्त घेतलं गेलं. रक्कम छोटी वाटेल, पण कुणी विचारलंच नाही तर ती कर्ज संपेपर्यंत दर महिन्याला जात राहील.

दुसरा प्रश्न हप्त्याचा. मुद्दल कमी झालं की हप्ता किती व्हायला हवा, हे काढायला मोठं गणित नको. व्याजदर आणि उरलेले महिने तेच असतील तर हप्ता मुद्दलाच्याच प्रमाणात कमी होतो. 15,59,016 ला 17,53,932 ने भागलं की 0.8889 येतं. जुन्या 17,725 च्या हप्त्याला त्याने गुणलं की नवा हप्ता 15,755 रुपये. उरलेल्या 171 महिन्यांसाठी दरमहा 1,970 रुपयांची बचत.

काही ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली जाते. 17,725 चा हप्ता कायम राहिला तर 15,59,016 चं कर्ज 171 ऐवजी 139 महिन्यांतच फिटतं. हे नुकसान नाही. ज्याला लवकर मोकळं व्हायचं आहे त्याला ते आवडेलही. पण सीएलएसएसचा मूळ हेतू कर्जाबरोबर हप्त्याचाही भार उतरवण्याचा होता. घरखर्चाची ओढाताण असेल तर हप्ता कमी करून मागायला संकोच करू नका. आणि हप्ताही तोच, उरलेले महिनेही तेवढेच असं दिसलं तर समजा की मुद्दल उतरवलेलंच नाही, किंवा परतफेडीचं वेळापत्रक नव्याने काढलेलं नाही.

या प्रमाणाच्या पडताळ्याला एक मर्यादा आहे. कर्ज बदलत्या दराचं असेल आणि त्याच महिन्यात दरही बदलला असेल तर हप्त्यात दोन बदल मिसळतात. मग हप्ता बाजूला ठेवावा आणि व्याजाच्या रकान्यावरून उलटा हिशेब करावा: महिन्याचं व्याज गुणिले 12, भागिले नवा वार्षिक दर. उत्तर सुधारित मुद्दलाच्या जवळ यायला हवं.

गडबड सापडली तर शाखेत तोंडी विचारून भागत नाही. लेखी अर्ज द्यावा आणि त्यात तीनच मागण्या ठेवाव्यात. सबसिडी बँकेला केंद्रीय संस्थेकडून कोणत्या तारखेला मिळाली, ती माझ्या कर्जखात्यात कोणत्या मूल्यतारखेने मुद्दलात वजा झाली, आणि सुधारित परतफेडीचं वेळापत्रक. पहिल्या दोन तारखांमध्ये मोठं अंतर असेल तर नोंद मागच्या तारखेने दुरुस्त करून मधल्या काळात जास्त घेतलेलं व्याज परत मागावं. सीएलएसएसमध्ये राष्ट्रीय आवास बँक, हडको आणि नंतर स्टेट बँक या संस्थांमार्फत पैसे कर्ज देणाऱ्या बँकांकडे जात असत. तुमच्या अर्जाला त्या व्यवस्थेत एक क्रमांक मिळालेला असतो. तो अर्जात लिहिला तर शाखेला नोंद शोधणं सोपं जातं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर वाट वेगळी आहे. तिथे तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या `GRIDS` या तक्रार पोर्टलवर जाते. चुकीच्या दारात तक्रार टाकून महिने वाया जाताना पाहिले की वाईट वाटतं, म्हणून आपलं कर्ज बँकेचं आहे की कंपनीचं, हे मंजुरीपत्रावर आधी वाचून घ्या.

1 सप्टेंबर 2024 पासून मंजूर झालेल्या कर्जांसाठी आता आवास योजना शहरी 2.0 आहे आणि तिच्यात एक मोठा बदल आहे. 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना पहिल्या 8 लाखांच्या कर्जावर, 12 वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी 4 टक्के सवलत मिळते. कर्ज 25 लाखांपर्यंत आणि घराची किंमत 35 लाखांपर्यंत असावी लागते. जास्तीत जास्त 1.80 लाख रुपये मिळतात, पण एकदम नाही, वर्षाला एक असे पाच हप्ते. म्हणजे वर सांगितलेला मुद्दलाचा पडताळा इथे एकदा नाही, पाचदा करायचा आहे, आणि दरवेळी त्या दिवसाचं शिल्लक मुद्दल धरून.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे यात पात्रताही दरवेळी नव्याने लागू होते. सबसिडीचा हप्ता सुटताना कर्ज चालू असलं पाहिजे आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असलं पाहिजे. 12 वर्षांच्या मुदतीचं कर्ज 8.5 टक्क्यांनी नियमित फेडणाऱ्याचं चार वर्षांनी सुमारे 77 टक्के मुद्दल बाकी असतं. मधल्या सबसिडीमुळे ते आणखी खाली आलं तरी निम्म्याच्या वर राहतं. त्यामुळे साध्या परतफेडीत अडचण येत नाही. पण हेच कर्ज 7 वर्षांचं असेल तर चार वर्षांनी जेमतेम 50 टक्के उरतं, आणि आधीच्या सबसिडीची भर पडून ते रेषेखाली जातं. बोनस मिळाला, जमीन विकली, म्हणून मोठी रक्कम एकदम कर्जात भरणाऱ्यांचंही तेच होतं.

म्हणून 2.0 च्या कर्जदाराने मोठी रक्कम भरण्याआधी बँकेकडून त्या दिवसाचं शिल्लक मुद्दल लेखी घ्यावं. त्यातून भरायची रक्कम वजा करावी आणि उरलेला आकडा मूळ मुद्दलाच्या निम्म्याशी ताडून पाहावा. सबसिडीचे हप्ते अजून बाकी असतील आणि आकडा रेषेखाली जात असेल, तर दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा: एकीकडे रक्कम भरल्याने वाचणारं व्याज, दुसरीकडे बुडणारी सबसिडी. पुढचा हप्ता खात्यात पडायला थोडेच महिने उरले असतील तर तेवढे थांबून मग भरणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं.